५२ − २७ = ३५ : एकच चूक, दोन कारणं

दुसरीतल्या मुलीची वजाबाकीची वही तपासायला घेतली आहे. ४६ − २३ = २३, बरोबर. ७८ − ३५ = ४३, बरोबर. मग ५२ − २७ = ३५ आणि ६३ − २८ = ४५. दोन्ही चूक. आपण फुल्या मारतो आणि "लक्ष देऊन कर" म्हणतो. पण लक्ष देऊनच केलेली गणितं आहेत ही. हातच्याची तेवढीच चुकली आहेत, आणि दोन्हींत उत्तर बरोबर दहाने जास्त आलं आहे.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या अशा चुकांचा अभ्यास मांडला. मुलं बऱ्याचदा वाटेल ते लिहीत नाहीत. एक चुकीचा नियम इमानदारीने पाळतात. सगळ्यात ओळखीचा नियम असा: प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, मग तो वर असो की खाली. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ७ मधून २ काढले. राहिले ५. "लहानातून मोठं जात नाही" हे आपणच सांगितलेलं असतं.

पण थांबा. हेच ३५ दुसऱ्या वाटेनेही येतं. मुलगी हातचा घेते, १२ मधून ७ काढते, ५ लिहिते. फक्त दशकातला एक कमी करायला विसरते. ६३ − २८ मध्येही तेच. एककांतला फरक ५ असला की दोन्ही चुका एकसारख्या दिसतात, त्यामुळे वहीवरून निदान होत नाही.

म्हणून तिसरं गणित द्यायचं, ७१ − ३८. उत्तर ४७ आलं तर अंक उलटे वजा होताहेत. ४३ आलं तर दशक कमी करायचा राहतोय. ३३ आलं, तर कदाचित मघाशी नुसती गडबड झाली होती. आणखी एखादं गणित देऊन पाहावं. "हे कसं केलंस, सांग बरं" एवढं विचारलं तरी बरंच कळतं, फक्त आवाजात जाब नको.

४७ लिहिणारीला आइस्क्रीमच्या काड्या द्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. "यातल्या मला सत्तावीस दे." दोन गठ्ठे ती सहज देते, सुट्या सात मात्र निघत नाहीत. इथे आपण गप्प राहायचं. जरा वेळाने ती स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढते. आता बारा सुट्या. त्यातल्या सात दिल्या की दोन गठ्ठे आणि पाच काड्या उरतात. मग वहीतलं ३५ तिलाच खोडू द्यावं.

४३ लिहिणारीला हातचा कळलेला असतो, तिला काड्यांची फारशी गरज नाही. ७ खोडून वर बारीक ६ लिहायची सवय लावली की बहुतेक वेळा काम भागतं. शिवाय तिला ताळा करायला सांगावा: ४३ + ३८ म्हणजे ८१, आणि आपल्याकडे होते ७१.