तेराव्यानंतरचा मेसेज

फ्रान्समधल्या 22 अतिदक्षता विभागांनी एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण गेल्यावर साधारण पंधरा दिवसांनी डॉक्टर आणि नर्स यांनी काही नातेवाइकांना हाताने लिहिलेलं सांत्वनाचं पत्र पाठवलं, बाकीच्यांना नाही. सहा महिन्यांनी पाहिलं, तर नैराश्याची लक्षणं पत्र न मिळालेल्यांपैकी सुमारे 25 टक्के लोकांत होती आणि पत्र मिळालेल्यांपैकी सुमारे 37 टक्के लोकांत. पत्रात माया होती, तरीही असं झालं.

यावरून मित्रांनी गप्प राहावं असं ठरत नाही. ते पत्र रुग्णालयाचं होतं. मला त्यात खटकतं ते असं, की ते एकदाच आलं आणि पुन्हा त्या मृत्यूपाशीच घेऊन गेलं.

दुःखातला माणूस सतत तिथेच नसतो. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलं, की तो दोन कामांमध्ये ये-जा करतो. कधी गेलेल्याची आठवण, रडणं. कधी बँक, स्वयंपाक, एकट्याने घर चालवणं. दोन्हींमधून अधूनमधून सुट्टीही घेतो. ही ये-जा तेराव्याला थांबत नाही. म्हणून महिन्यांनंतरचे मेसेजही दोन्ही तऱ्हेचे हवेत.

समजा, मैत्रिणीचे वडील जानेवारीत गेले. एप्रिलमध्ये तिला लिहावं: “आज बाजारात कैऱ्या दिसल्या आणि काकांचा मेथांबा आठवला. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.” इथे गेलेल्या माणसाचा उल्लेख आहे. लोक तो टाळतात, तिला आठवण होईल म्हणून. पण ती विसरलेली नसतेच. शेवटच्या वाक्यामुळे उत्तराचं ओझंही उरत नाही.

दुसरा मेसेज कामाचा: “काकूंच्या पेन्शनचं काम राहिलंय का? शनिवारी सकाळी मी मोकळी आहे, झेरॉक्स काढून बँकेत सोबत येते.” “काही लागलं तर सांग” यापेक्षा हा बरा, कारण काय मागायचं, कुणाकडे, कधी, हे सगळं तिला ठरवावं लागत नाही. मात्र शनिवारी जायलाच हवं.

काकांचा वाढदिवस, पहिली दिवाळी, वर्षश्राद्ध या तारखा फोनमध्ये आत्ताच नोंदवून ठेवाव्यात. दिवस उजाडण्याआधी दोन-तीन दिवस लिहिलेलं जास्त उपयोगी पडतं, कारण धास्ती आधीच सुरू झालेली असते. “आता सावरलीस ना?” हे विचारू नये, त्याला “हो” याखेरीज उत्तर देता येत नाही.

उत्तर आलं नाही, तर महिन्याभराने पुन्हा लिहावं. पण सहा महिने उलटूनही गेलेल्या माणसाची तीव्र ओढ जवळजवळ रोज असेल, कामधाम आणि माणसं सुटत चालली असतील, तर तो दीर्घकालीन शोकविकार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो आहे आणि त्यावर उपचार आहेत. तेव्हा मेसेज पुरत नाही. घरी जाऊन बोलावं, आणि तिची तयारी असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे सोबत जावं.