पान उलटलं की आवाजही बदलतो: मांगाच्या भाषांतरामागचा इतिहास

ग्राफिक कादंबरीच्या भाषांतरात चित्र आधीच पूर्ण झालेलं असतं आणि शब्दांनी त्यात उरलेल्या जागेत बसायचं असतं. ही अडचण सगळ्यात तीव्र झाली ती मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, इंग्रजीत येऊ लागली तेव्हा. आज भाषांतरकार ज्या पद्धती वापरतात, त्यातल्या बऱ्याचशा त्या काळातच घडल्या.

जपानी मजकूर उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे वाचला जातो. त्यामुळे संवादाचे फुगेही उंच आणि अरुंद काढलेले असतात, आणि पान उजवीकडून सुरू होतं. १९८०च्या दशकात अमेरिकी प्रकाशकांना वाटलं की असं पुस्तक कुणी हातात धरणार नाही. म्हणून ते प्रत्येक पान आरशात पाहिल्यासारखं उलटं छापत. मार्व्हलच्या एपिक शाखेने १९८८पासून काढलेली ‘अकिरा’ची आवृत्ती अशीच होती, वर तिला रंगही दिलेले होते. उलटवल्यामुळे उजवे तलवारबाज डावरे झाले. किमोनोची डावी बाजू उजवीवर यायची, ती उलटी पडली. जपानमध्ये तसा किमोनो फक्त मृतदेहाला नेसवतात.

आवाजांच्या शब्दांचं नशीबही या उलटवण्यानेच ठरवलं. स्फोट, पावलं, दार आपटणं हे मांगात फुग्याबाहेर, थेट चित्रावर हाताने काढलेलं असतं. पान उलटलं की ही अक्षरंही उलटी होतात आणि जपानी वाचकालाही वाचता येत नाहीत. म्हणजे ती पुसणं भाग होतं. अक्षरकार मूळ अक्षर झाकायचा, त्याच्या मागे दडलेली भिंत किंवा धूर स्वतः काढून पूर्ण करायचा आणि मग नवा शब्द रंगवायचा. काम कौशल्याचं होतं, पण वेळखाऊ आणि महागडं.

२००२मध्ये टोक्योपॉप या प्रकाशन संस्थेने पानं न उलटवता, मूळ दिशेतच पुस्तकं काढायला सुरुवात केली. खर्च आणि वेळ दोन्ही वाचले. अक्षरं सुलटी राहिल्यामुळे ती पुसायची सक्तीही संपली, आणि बऱ्याच मालिकांत आवाज जपानीतच सोडून दिले गेले. चित्र अभंग राहिलं हे खरं, पण जपानी न येणाऱ्या वाचकासाठी त्यातला आवाज गेला. ‘नाउसिका’ या मांगाच्या दोन इंग्रजी आवृत्त्या शेजारी ठेवल्या की हा फरक डोळ्यांना दिसतो. जुनीत पानं उलटलेली आणि आवाज इंग्रजीत आहेत. २००४च्या आवृत्तीत पानं मूळ दिशेची, आवाज जपानी, आणि त्यांचे अर्थ पुस्तकाच्या शेवटी यादीत आहेत. लढाईच्या मध्यात मागची यादी कोण उघडणार? मला मूळ अक्षराशेजारी बारीक टाइपात अर्थ देण्याची नंतर रूढ झालेली पद्धत त्याहून बरी वाटते, कारण नजर चौकटीतून बाहेर जात नाही.

शब्द निवडताना मात्र मराठीची स्थिती इंग्रजीपेक्षा चांगली आहे. जपानीत आवाज नसलेल्या गोष्टींनाही नादशब्द आहेत. ‘किराकिरा’ म्हणजे चमकणं, ‘जिरोजिरो’ म्हणजे रोखून पाहणं. इंग्रजी भाषांतरकारांना अशा ठिकाणी अनेकदा साधं क्रियापद लिहून भागवावं लागलं. मराठीत ‘लखलख’ आणि ‘टकमक’ तयारच आहेत, ‘दोकिदोकि’ला ‘धडधड’ आहे. अडचण येते ती अक्षरांच्या आकारात. जपानी अक्षरं सुटी असतात, एकाखाली एक सहज रचता येतात. देवनागरीत शिरोरेषा शब्द आडवा बांधून ठेवते. ‘धाडकन’ उभा लिहिला तर चार तुकडे दिसतात, म्हणून तो तिरका झुकवून चित्राच्या हालचालीबरोबर नेणं चांगलं.

फुग्याचं गणित वेगळं आहे. समजा उंच, अरुंद फुग्यात वाक्य आलं: ‘तुला इथे येण्याची परवानगी कुणी दिली?’ अरुंद फुग्यात टाइपाचा आकार सगळ्यात रुंद शब्द ठरवतो, आणि इथे तो ‘परवानगी’ आहे. तो मावावा म्हणून टाइप लहान केला तर शेजारच्या फुग्यांपेक्षा पात्र कुजबुजतंय असं वाटतं. शब्द मध्येच तोडला तर वाचक अडखळतो. त्याऐवजी ‘कुणी येऊ दिलं तुला?’ लिहिलं की अर्थ तोच राहतो आणि एकही शब्द दोन अक्षरांपुढे जात नाही. चार ओळींत चार शब्द बसतात. मात्र ओळींमध्ये अंतर रोमन लिपीपेक्षा जास्त ठेवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. इथे ‘कुणी’चा उकार थेट ‘येऊ’च्या मात्रेवर येतो, त्यामुळे पानाची छापील प्रत काढून आधी हीच जागा तपासावी.