मेसेजमधली इंग्रजी अनेकवचनं : लाल रेघ कुठे गप्प बसते

इंग्रजी कोटेशन, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आमच्याकडे तपासायला देणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. शब्द चुकला तर फोन खाली लाल रेघ मारेलच, या भरवशावर घाईचा मेसेज जातो. अनेकवचनांच्या बाबतीत तो भरवसा अर्धाच खरा आहे.

भांड्यांच्या दुकानातून पुरवठादाराला गेलेला असा मेसेज समजा : ‘प्लीज सेंड १२ नाइफ्स अँड २ शेल्फ्स. क्वालिटी क्रायटेरिया इज सेम.’

‘शेल्फ्स’खाली बहुतेक फोन रेघ मारतात, म्हणून ते सुधारून ‘शेल्व्हज’ होतं. ‘नाइफ्स’ मात्र तसंच निघून जातं, कारण इंग्रजीत ते क्रियापद म्हणून बरोबर आहे. त्याचा अर्थ ‘तो भोसकतो’. पुरवठादार समजून घेईल, पण लिहिलंय ते असं! हवं होतं ‘नाइव्हज’. जुन्या इंग्रजीत दोन स्वरांच्या मधला ‘फ’ घोष होऊन ‘व्ह’सारखा उच्चारला जायचा. अनेकवचनाचा प्रत्यय लागला की तो स्वरांमध्ये यायचा, आणि तो उच्चार पुढे स्पेलिंगमध्येही उतरला. नाइफ, वाइफ, लीफ, शेल्फ, लोफ हे सगळे त्याच घरातले. चीफ, प्रूफ, ब्रीफ हे फ्रेंचमधून आलेले, त्यांना साधा ‘एस’ पुरतो. रूफ मात्र अस्सल इंग्रजी असूनही आज ‘रूफ्स’च लिहितात. ते पाठच करावं लागतं.

‘क्रायटेरिया इज’ इथेही रेघ येत नाही, कारण दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबर आहेत. क्रायटेरियन आणि फिनॉमिनन हे ग्रीक शब्द आहेत. शेवटचा ‘ऑन’ जाऊन ‘ए’ आला की अनेकवचन होतं. एकच निकष असेल तर ‘क्रायटेरियन इज’, अनेक असतील तर ‘क्रायटेरिया आर’. ‘अ फिनॉमिना’ हीही तीच चूक.

‘चिल्ड्रन’मध्ये अनेकवचनाच्या दोन खुणा आधीच आहेत : जुना ‘र’ आणि त्यावर ‘ऑक्सन’मधला ‘एन’. त्यामुळे तिसरा ‘एस’ नको. ‘चिल्ड्रन्स रूम’ लिहिताना ‘एस’च्या आधी अपॉस्ट्रॉफी हवी, कारण तो ‘एस’ मालकीचा आहे.

‘क्रिटिसिझम’चा घोळ वेगळा आहे. एकूण टीकेबद्दल बोलताना ते एकवचनी राहतं : ‘वी वेलकम क्रिटिसिझम’. ग्राहकाने तीन ठरावीक आक्षेप कळवले असतील तर ‘थ्री क्रिटिसिझम्स’ बिनधास्त लिहा. ‘फीडबॅक’ला मात्र ‘एस’ लावू नका. तिथे ‘कमेंट्स’ लिहिलं की काम होतं.

ऑर्डर अगदीच घाईची असेल तर अनेकवचनाच्या वाटेला जाऊच नका. वस्तू एकवचनात लिहा, पुढे आकडा आणि ‘नग’साठीचं ‘नॉस’ टाका : ‘नाइफ – १२ नॉस’. भारतातल्या व्यापारात हे सगळ्यांना कळतं. परदेशी ग्राहकाला पाठवताना मात्र ‘नॉस’ऐवजी ‘पीसेस’ लिहा.