व्हिसासाठी खात्यावर ‘बॅलन्स दाखवणं’ का अंगाशी येतं, आणि त्याऐवजी काय जोडावं

ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसासाठी खात्यात किमान किती पैसे लागतात, हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही: असा आकडाच नाही. पाच लाख, दहा लाख हे आकडे एजंटांच्या टेबलावर जन्मतात. नियमात एवढंच म्हटलंय की येण्याजाण्याचा, राहण्याचा आणि तिथल्या खर्चाचा भार उचलण्याइतका पैसा असावा, आणि त्यासाठी तिथे काम करायची किंवा सरकारी मदत घ्यायची वेळ येऊ नये. हा पैसा तुमचा असू शकतो किंवा तुमचा खर्च करणाऱ्या माणसाचा.

आकडा नसल्यामुळेच अधिकारी शेवटची शिल्लक बघून निर्णय घेत नाही. तो खात्याची चाल बघतो. महिन्याला किती येतं, कुठून येतं, किती जातं, किती उरतं. ऑनलाइन फॉर्ममध्ये मासिक उत्पन्न, मासिक खर्च आणि या प्रवासावर किती खर्च करणार, हे तिन्ही आकडे तुम्हीच भरलेले असतात. समोर स्टेटमेंट असतं. दोन्ही एकमेकांशी जुळतात का, एवढंच ताडून बघायचं असतं.

वाळवा तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचं प्रकरण सांगतो. मुलगी लीड्सला नोकरीला, तिला पहिलं बाळ झालेलं, गुरुजी आणि काकू सहा आठवड्यांसाठी निघालेले. पेन्शन 41 हजार, खात्यावर 1 लाख 12 हजार. एजंट म्हणाला, एवढ्यावर होणार नाही, सहा लाख तरी दाखवा. मग पुतण्याने अर्जाच्या चौदा दिवस आधी पाच लाख टाकले आणि फॉर्ममध्ये बचत म्हणून सहा लाख भरले गेले.

नकाराचं पत्र दीड पानाचं होतं. त्याचा आशय असा: तुमचं उत्पन्न 41 हजार आहे, गेल्या सहा महिन्यांत शिल्लक सव्वा लाखाच्या वर कधी गेलेली नाही, आणि मग एका दिवशी पाच लाख जमा झाले. ते कुठून आले याचा कागद नाही. त्यामुळे हा पैसा खरोखर तुमच्या हाताशी आहे असं मी मानू शकत नाही, आणि तुम्ही तुमची परिस्थिती जशी सांगितली आहे तशीच ती आहे याबद्दलही मला शंका आहे. या शेवटच्या वाक्यात सगळं नुकसान आहे. शंका पाच लाखांपुरती राहिली नाही, ती गुरुजी परत येतील का इथपर्यंत गेली. ते पाच लाख नसते तर हा प्रश्न निघालाच नसता.

हे फिरवलेल्या पैशाचं झालं. पैसे खरे, स्टेटमेंट खरं, फक्त मालकी उसनी. दुसरा प्रकार याहून कितीतरी वाईट, तो म्हणजे स्टेटमेंटच बदललेलं. पीडीएफमधला आकडा बदलणं, बनावट बॅलन्स सर्टिफिकेट, न उघडलेल्या एफडीची पावती. यात नुसता नकार मिळत नाही, फसवणुकीचं कलम लागतं आणि नकाराच्या तारखेपासून दहा वर्षं ब्रिटनचा व्हिसा बंद होऊ शकतो. “मला माहीत नव्हतं, एजंटने जोडलं” म्हणून सुटका होईलच असं नाही. खोटा कागद अर्जदाराच्या नकळत जोडला गेला असला तरी त्या कारणाने अर्ज नाकारता येतो. फॉर्मवर सही तुमची असते.

असा कागद पकडायला फार हुशारी लागत नाही. अधिकाऱ्याला संशय आला तर तो थेट बँकेकडून पडताळणी करून घेऊ शकतो. आणि पुष्कळदा कागद स्वतःच बोलतो. बचत खात्याचं व्याज रोजच्या शिल्लकीवर मोजलं जातं आणि साधारणपणे दर तिमाहीला जमा होतं. समजा तीन महिने शिल्लक 6 लाख 85 हजार दाखवली आहे आणि व्याजदर अडीच टक्के आहे, तर तिमाहीचं व्याज 4,280 रुपयांच्या आसपास यायला हवं. स्टेटमेंटवर मात्र 281 रुपये जमा दिसतात. 281 हे 45 हजारांवरचं व्याज आहे. एका ओळीने सगळं उघडं पाडलं.

नकारानंतर या व्हिसाला अपील नसतं. न्यायालयात निर्णयाला आव्हान देण्याचा लांबचा आणि महागडा रस्ता सोडला तर पुन्हा फी भरून नवा अर्ज, एवढंच हातात उरतं. शिवाय पुढच्या प्रत्येक अर्जात विचारलं जातं की तुम्हाला कधी, कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड आपसांत व्हिसाची माहिती देतात-घेतात, म्हणून इथे ‘नाही’ लिहिणं ही दुसरी चूक ठरते. कॅनडात खोट्या माहितीसाठी पाच वर्षांची बंदी आहे. अमेरिकेत तर ती कायमची असू शकते.

आता गुरुजींकडे परत येऊ. मी त्यांना विचारलं, घरात आणखी काय काय आहे? तर चार लाखांची बँकेतली एफडी निघाली, तिची पावती काकूंच्या ट्रंकेत. दीड एकर ऊस, त्याचं बिल जिल्हा बँकेच्या वेगळ्या खात्यावर जमा होणारं. यातलं काहीच अर्जाला जोडलं नव्हतं, कारण एजंटला पेन्शनच्या खात्यावरचा एकच मोठा आकडा हवा होता. स्वतःचे चार लाख ट्रंकेत ठेवून पुतण्याचे पाच लाख दाखवले!

दुसऱ्या अर्जात मुलीला खर्च करणारी म्हणून पुढे आणलं, कारण खरंच तीच खर्च करणार होती. तिकिटं तिची, राहायला तिचं घर. नियमात याला सरळ मुभा आहे, तीन अटींवर: त्या माणसाशी खरं नातं किंवा व्यावसायिक संबंध हवा, त्याचा स्वतःचा तिथला मुक्काम कायदेशीर हवा, आणि तो खर्च करू शकतो व करणार आहे हे पटायला हवं. म्हणून मुलीचं पत्र जोडलं. त्यात ‘सगळा खर्च मी करीन’ असं मोघम न लिहिता तिकिटं, जेवण आणि तिथला प्रवास ती बघणार आणि बाकी वरखर्चाला वडील साधारण 80 हजार आणणार, असं लिहिलं. सोबत तिच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, तेवढ्याच महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तिथल्या वास्तव्याचा पुरावा, आणि नातं दाखवायला जन्माचा दाखला.

गुरुजींच्या बाजूने पेन्शनचा आदेश, दोन्ही खात्यांची सहा महिन्यांची स्टेटमेंट, बँकेने शिक्का मारून दिलेलं एफडीचं पत्र, कारखान्याची उसाची बिलं आणि सातबारा. जे कागद मराठीत होते त्यांचं इंग्रजी भाषांतर लागतं, आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचं निवेदन, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. सातबारा भाषांतराविना जोडणारे खूप भेटतात. अधिकाऱ्याच्या लेखी तो कोरा कागद. इथे एक गोष्ट सांगतो: सातबारा किंवा घराचा उतारा हा खर्चाचा पुरावा नाही. शेत विकून तुम्ही लंडन बघणार नाही हे त्यालाही कळतं. परत यायला इथे काहीतरी आहे, एवढंच तो सांगतो.

राहिले ते पाच लाख. ते नव्या स्टेटमेंटमध्येही दिसणारच होते, येतानाही आणि जातानाही. लपवायला जागाच नव्हती, म्हणून अर्जासोबतच्या पत्रात सरळ लिहिलं: “मागच्या अर्जाआधी माझ्या पुतण्याने माझ्या खात्यात पाच लाख रुपये जमा केले होते. ती माझी बचत नव्हती. फॉर्ममध्ये ती बचत म्हणून लिहिणं चूक होतं. रक्कम त्याला परत केली आहे, नोंद स्टेटमेंटच्या तिसऱ्या पानावर आहे.” गुरुजी हे वाक्य लिहायला दोन दिवस तयार नव्हते. अखेर लिहिलं. व्हिसा मिळाला. पण नशीबही होतं, कारण पहिला नकार फसवणुकीच्या कलमाखाली नव्हता. हे आपल्या पत्रावरून ओळखता येतं: यापुढचे अर्जही नाकारले जाऊ शकतात अशी तंबी आणि दहा वर्षांचा उल्लेख त्यात असेल, तर प्रकरण माझ्यासारख्याच्या आवाक्यातलं नाही. ब्रिटनमधला इमिग्रेशनचा वकील गाठा.

मोठी रक्कम खरोखर तुमची असेल तर ती खात्यावर यायला काहीच हरकत नाही. एलआयसीची पॉलिसी पिकली, एफडी मोडली, प्लॉट विकला, मुलाने भेट दिली, असं घडतंच. प्रत्येक वेळी त्या नोंदीशेजारी तिचा कागद हवा: पॉलिसीचं पेमेंट पत्र, एफडी मोडल्याची पावती, खरेदीखत. भेट असेल तर देणाऱ्याचं पत्र आणि त्याच्याकडे ते कुठून आले हे दाखवणारं त्याचं स्टेटमेंट. मात्र जी रक्कम व्हिसा झाल्यावर परत करायची आहे तिला भेट म्हणू नका, ते पुन्हा खोटंच झालं.

पैसे खरंच कमी असतील तर सहल लहान करा. सहा आठवड्यांऐवजी तीन, जोडीने जाण्याऐवजी एकाने. दीड लाखाच्या बचतीवर 70 हजारांचा प्रवास समजण्यासारखा असतो. तीच सगळी बचत उधळणारा प्रवास समजत नाही. आणि जाडजूड फाइलच्या मागे लागू नका. हॉटेल-विमानाचं बुकिंग, गाडीचे कागद, क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट, प्रवास विमा, मुलीच्या घराचं लाइटबिल यांच्यावर विसंबू नये असं ब्रिटिश सरकारची कागदपत्रांची मार्गदर्शिका सांगते. तिकिटंही व्हिसा हातात पडल्यावरच काढावीत.

विद्यार्थी व्हिसाचे नियम यापेक्षा वेगळे आहेत, तिथे मात्र आकडा ठरलेला असतो. एक वर्षाच्या आतली उरलेली फी आणि दरमहाच्या राहणी खर्चाची ठरावीक रक्कम, जास्तीत जास्त नऊ महिन्यांची. हा पैसा सलग 28 दिवस खात्यावर हवा आणि त्यातला शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून 31 दिवसांच्या आतला हवा. 28 दिवसांत एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज पडतो. म्हणून काही जण महिनाभरासाठी व्याजाने ‘शो मनी’ घेतात, पुष्कळ व्याज देतात, आणि ते उघडं पडलं तर व्हिसाही जातो आणि व्याजही. इथे रीतसर वाट सोपी आहे: आईवडिलांच्या खात्यावरचे पैसे चालतात, फक्त जन्माचा दाखला आणि त्यांचं संमतीपत्र लागतं. मान्यताप्राप्त बँकेचं शैक्षणिक कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर मंजूर असेल तर त्या मंजुरीपत्रालाही मान्यता आहे, आणि त्यासाठी 28 दिवस पैसे खात्यावर पडून असण्याची गरज नसते.

अर्ज एजंटकडून भरत असाल तर एक करा. सादर करण्याआधी भरलेला फॉर्म आणि अपलोड होणारा प्रत्येक कागद स्वतःच्या मेलवर मागवून घ्या, आणि स्टेटमेंटचं शेवटचं पान घरच्या पासबुकाशी ताडून बघा.