अविवाहित, निपुत्रिक हिंदू पुरुषाची इस्टेट: वडील, भाऊ आणि भाचरं

लग्न न झालेला, मूलबाळ नसलेला हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला, आई आधीच वारलेली आणि मागे फक्त वडील, एक भाऊ आणि वारलेल्या बहिणीची मुलं असली, तर हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 प्रमाणे सगळी इस्टेट एकट्या वडिलांना मिळते. भावाला काही नाही, भाचरांनाही काही नाही. बऱ्याच घरांत हे ऐकून लोक चकित होतात, कारण आपल्याकडे "भावाभावांचं" असं गृहीत धरलेलं असतं.

असं का, ते कलम 8 आणि त्याच्या यादीत आहे. पहिल्या वर्गात मुलगा, मुलगी, बायको, आई वगैरे येतात. वडील त्यात नाहीत, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे, म्हणजे आई हयात असती तर सगळं तिला गेलं असतं आणि वडील कोरडेच राहिले असते. पहिल्या वर्गात कोणीच नसेल तर दुसरा वर्ग उघडतो, आणि त्याच्या नोंद 1 मध्ये एकटे वडील आहेत. भाऊ-बहीण नोंद 2 मध्ये, भाचा-भाची थेट नोंद 4 मध्ये. वरच्या नोंदीत एक जरी माणूस हयात असला तरी खालच्या सगळ्या नोंदी बंद. आणि "बहीण वारली, मग तिच्या जागी तिची मुलं" हा नियम दुसऱ्या वर्गात चालत नाही, म्हणजे वडील नसते तरी सगळं भावालाच गेलं असतं, भाचरं बाहेरच. सावत्र भावाचाही प्रश्न येतो, पण सख्खा असेल तर सख्ख्यालाच आधी.

आता खरी गुंतागुंत. समजा पुण्यातला 47 वर्षांचा एक माणूस मार्चमध्ये गेला, नावावर 60 लाखांचा स्वकष्टाचा फ्लॅट. वडील 80 च्या पुढचे, ते जूनमध्ये गेले, त्यांनीही मृत्युपत्र केलं नव्हतं. जुलैमध्ये भाऊ सोसायटीत जातो, म्हणतो माझा भाऊ गेला, वडीलही गेले, आता मीच एकटा. चूक इथेच होते. वारस ठरतात ते मृत्यूच्या क्षणी, कागद भरायच्या दिवशी नाही. मार्चमध्ये फ्लॅट वडिलांचा झाला, त्यांचं नाव सोसायटीच्या रजिस्टरमध्ये लागलं नसलं तरीही. जूनमध्ये तो वडिलांची इस्टेट म्हणून पुढे जातो, आणि वडिलांच्या पहिल्या वर्गात मुलगा तर आहेच, शिवाय आधी वारलेल्या मुलीची मुलंही आहेत. त्यामुळे भावाला 30 लाख, आणि भाचा-भाची दोघांना मिळून बहिणीचा एक हिस्सा, म्हणजे 15-15 लाख. मेहुण्याला काही नाही.

मृत्यूंचा क्रम उलटा असता, म्हणजे वडील आधी आणि हा माणूस नंतर, तर फ्लॅट 60 लाखांचा अख्खा भावाचा. म्हणून अशा केसमध्ये सगळ्यात आधी दोन्ही मृत्यू दाखले समोरासमोर ठेवून तारखा बघाव्यात, बाकीचं नंतर. दोघं एकाच अपघातात गेले आणि आधी कोण गेला ते कळायला मार्ग नसेल, तर कलम 21 म्हणतं की उलटं सिद्ध होईपर्यंत वयाने लहान असलेला मागे राहिला असं धरायचं. म्हणजे मुलगा नंतर गेला असं मानलं जाईल आणि त्याचा फ्लॅट भावाला जाईल. (वडिलांची स्वतःची मालमत्ता असेल तर तिच्यात मात्र भाचरांचा हिस्सा राहतोच.)

वडील हयात असताना फ्लॅट पूर्णपणे त्यांचा असतो, ते विकू शकतात, कोणालाही मृत्युपत्राने देऊ शकतात. त्यांनी भावाच्या नावावर करायचं ठरवलं तर त्याला हक्कसोडपत्र म्हणू नये, भावाचा हक्कच नाही तर सोडणार कोणाच्या बाजूने, ते बक्षीसपत्र होतं आणि नोंदवावं लागतं. आणि भाचरांच्या वाट्याची काळजी असेल तर म्हाताऱ्यांनी स्वतःचं मृत्युपत्र करावं, तोंडी सांगून भागत नाही.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हेही घोळाचं कारण. बँकेत किंवा सोसायटीत भाऊ नॉमिनी असला तरी तो पैसे-ताबा घेतो तो वारसासाठी सांभाळायला. विम्यात 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवराबायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते, भाऊ या यादीत नाही.

वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतला त्याचा हिस्साही, मृत्यू 9 सप्टेंबर 2005 नंतरचा असेल तर, याच कलम 8 च्या वाटेने वडिलांकडे जातो, फक्त हिस्सा किती ते आधी काढावं लागतं. गोव्यात मात्र वारशाचा स्वतंत्र कायदा आहे, तिथे हे गणित लावू नये.