गाडी लागते म्हणून उपाशी निघू नका

«घाटात गाडी लागते म्हणून मी काही न खाताच निघते. उलटी झाली की गोळी घेते. तरी त्रास का होतो?»

कारण मळमळीची सुरुवात पोटात होतच नाही. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की शरीर हलतंय, आणि डोळे समोरच्या सीटवर किंवा मोबाइलवर खिळलेले असतात. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही, तेव्हा मळमळतं. पोट रिकामं असलं तरी उमासे येतातच, वर कडू पित्त पडतं आणि अंगातलं त्राण जातं.

समजा, पुण्याहून सकाळी सातला महाबळेश्वरच्या एसटीत बसायचंय. सहाच्या सुमारास दोन इडल्या किंवा पोळी खा. वडापाव, मिसळ नको. गोळीही तेव्हाच. गाडी लागू नये म्हणून घेतात ती मेक्लिझिनची गोळी प्रवासाआधी तासभर घ्यावी लागते. वाई सोडून पसरणीचा घाट लागल्यावर, उलटी झाल्यावर घेतलेली गोळी अंगी लागण्याआधीच बाहेर पडते. तिने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये. लहान मुलं, गरोदर बाई, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. घरात उरलेली ऑन्डान्सेट्रॉनची गोळी मात्र इथे फारशी उपयोगी नाही. ती वेगळ्या कारणांच्या उलट्यांसाठी असते.

जागा पुढची धरा. मागच्या चाकांच्याही मागे असलेली शेवटची सीट सगळ्यात जास्त हेलकावते. नजर दूरच्या डोंगरावर ठेवा, ते जमत नसेल तर डोकं टेकून डोळे मिटा.