अ‍ॅझासिटिडिनला वेळ का लागतो?

अ‍ॅझासिटिडिन हे मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, म्हणजेच एमडीएस, या रक्ताच्या कर्करोगावरचे औषध, आणि त्याचा गुण दिसायला काही महिने लागतात. या आजारात एक विसंगती दिसते. अस्थिमज्जेत पेशींची गर्दी असते, पण रक्तात मात्र हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी असतात. पेशी तयार होतात, पण पक्व होत नाहीत. बऱ्याचशा मज्जेतच मरून जातात. काही रुग्णांमध्ये ब्लास्ट नावाच्या अगदी कोवळ्या पेशी वाढत जातात आणि पुढे आजाराचे रूपांतर तीव्र मायलॉइड ल्युकेमियात होते.

पेशी पक्व का होत नाहीत याचे एक उत्तर डीएनएच्या अक्षरक्रमात आहे, पण दुसरे त्या अक्षरांवर बसलेल्या खुणांमध्ये. डीएनएमधल्या सायटोसिन या घटकाला एक छोटा रासायनिक गट, मिथिल, चिकटू शकतो. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात असे मिथिल गट दाटीने बसले की ते जनुक वाचलेच जात नाही. अक्षरे तीच, जनुक शाबूत, पण गप्प. निरोगी शरीराला याची गरजच असते. यकृताच्या पेशीने मेंदूची जनुके बंद ठेवायची असतात, ती अशाच खुणांनी.

कर्करोगात या खुणांचा तोल बिघडतो. एकूण डीएनएवरची मिथिल खूण बहुतेक वेळा कमी झालेली असते. बर्ट व्होगेलस्टाइन आणि अँड्र्यू फाइनबर्ग यांनी १९८३ मध्ये हे दाखवले. त्याच वेळी काही ठरावीक जनुकांच्या सुरुवातीला मात्र ती खूण प्रमाणाबाहेर वाढते. एमडीएसमध्ये पेशीविभाजनाला लगाम घालणारे पी-१५ हे जनुक अनेकदा असेच गप्प झालेले आढळते. शिवाय या खुणा लावणाऱ्या किंवा पुसायला सुरुवात करणाऱ्या यंत्रणेची जनुकेच, उदाहरणार्थ डीएनएमटी-३ए आणि टेट-२, अनेक रुग्णांमध्ये बिघडलेली असतात. म्हणजे अक्षरातली चूक आणि खुणांची चूक या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. एकीतून दुसरी जन्मते.

खूण आणि अक्षर यांत एक मोठा फरक आहे, आणि हा उपचार त्यावरच उभा आहे. पेशी दुभंगताना डीएनएचा नवा धागा तयार होतो तेव्हा त्यावर मिथिल गट नसतात. जुन्या धाग्याकडे बघून डीएनएमटी-१ नावाचे विकर नव्या धाग्यावर त्याच जागी खुणा उमटवते. प्रत्येक विभाजनात हे काम नव्याने करावे लागते. ते थांबले, तर खूण पिढीगणिक विरळ होत जाते.

अ‍ॅझासिटिडिन नेमके इथे काम करते. हे रसायन प्रागमध्ये १९६४ मध्ये तयार झाले. ते हुबेहूब सायटोसिनच्या घटकासारखे दिसते, फक्त ज्या जागी मिथिल गट चिकटायचा तिथे कार्बनऐवजी नायट्रोजन असतो. पेशी फसते आणि ते डीएनएत गुंफते. डीएनएमटी-१ खूण लावायला येते, त्या जागी रासायनिक बंध जोडते आणि मग सुटूच शकत नाही. पेशी या अडकलेल्या विकराला नष्ट करून टाकते, त्यामुळे पेशीतला डीएनएमटी-१चा साठा आटतो. डेसिटाबिन हे त्याचे भावंडही असेच वागते.

सुरुवातीला डॉक्टरांनी अ‍ॅझासिटिडिन नेहमीच्या केमोथेरपीसारखे, मोठ्या डोसात, पेशी मारण्यासाठी वापरले. दुष्परिणाम फार होते. त्याची खरी ओळख पटली ती पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांच्या प्रयोगांतून. उंदराच्या भ्रूणापासून मिळवलेल्या पेशींना त्यांनी हे औषध दिले, तर काही पेशी चक्क स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशी बनल्या. १९८० मध्ये त्यांनी याचा संबंध मिथिल खुणा नाहीशा होण्याशी जोडला. या शोधातला सर्वांत महत्त्वाचा धडा माझ्या मते डोसचा आहे. फार मोठा डोस दिला तर पेशी विभागणेच थांबवते किंवा मरते, आणि विभाजन नाही तर खुणा पुसल्या जाणेही नाही. म्हणून डोस लहान, पण पुन्हा पुन्हा.

हे प्रत्यक्षात कसे दिसते? समजा, ७२ वर्षांच्या एका बाईंना अधिक जोखमीचा एमडीएस आहे. हिमोग्लोबिन ७.८, प्लेटलेट ४५ हजार, मज्जेत ब्लास्ट १२ टक्के. नेहमीचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम. त्यांचे क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर असेल तर रोज १२० मिलिग्रॅम, त्वचेखाली इंजेक्शनने, सलग ७ दिवस. मग २८ दिवसांचे चक्र पूर्ण होईपर्यंत विश्रांती. पाण्यात कालवलेले हे औषध लवकर विघटित होते, म्हणून ते आयत्या वेळी तयार करतात. मात्रा जास्त असल्यास दोन जागी विभागून देतात. इंजेक्शनच्या जागी लाली येणे नेहमीचेच.

पहिल्या दोन-तीन चक्रांत या बाईंची तब्येत बहुधा आणखी बिघडलेली वाटेल. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली जातील, रक्त जास्त वेळा चढवावे लागेल. ताप आला तर तो जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. नातेवाईक म्हणतात, औषधाने काम झाले नाही, उलट त्रास वाढला. पण आकड्यांची घसरण म्हणजे अपयश नव्हे. पुढचे चक्र सुरू व्हायच्या आधी आकडे सावरतात का, रक्तातल्या ब्लास्ट वाढत नाहीत ना, हे पाहायचे असते. पहिल्या चक्रानंतर प्लेटलेट दुप्पट झाल्या, तर ते शुभ लक्षण मानतात. आजार उघडपणे वाढत नसेल तर किमान ४ ते ६ चक्रे दिल्याशिवाय निकाल काढू नये. प्रतिसाद देणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांत पहिला प्रतिसाद सहाव्या चक्रापर्यंत दिसतो आणि जवळपास निम्म्यांत तो पुढे आणखी सुधारतो. दुसऱ्याच चक्रानंतर औषध सोडून देणे ही या उपचारातली फार महागात पडणारी चूक आहे.

फायदा किती? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, अधिक जोखमीच्या एमडीएसमध्ये, अ‍ॅझासिटिडिन घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, २४.५ महिने होते, तर तोवरचे उपचार घेणाऱ्यांचे १५ महिने. जोरदार केमोथेरपी न झेपणाऱ्या तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांत आता त्याच्या जोडीला व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या देतात. २०२० च्या चाचणीत या जोडीने मध्यक आयुष्य ९.६ महिन्यांवरून १४.७ महिन्यांवर नेले.

खुणा पुसल्या की गप्प जनुके जागी होतात, हे या औषधाच्या यशाचे पूर्ण स्पष्टीकरण नाही. २०१५ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी दाखवले की, आपल्या डीएनएत पूर्वापार दडलेले, मिथिलने दाबून ठेवलेले विषाणूंचे अवशेषही जागे होतात आणि पेशीला जणू विषाणूचा हल्ला झाल्याचे भासवून रोगप्रतिकारक प्रतिसाद सुरू करतात. हे प्रयोग मुख्यतः घन गाठींच्या पेशींवर झाले होते.

मर्यादा मात्र मूळ आजारातच आहे. औषध खुणा पुसते, बिघडलेली अक्षरे दुरुस्त करत नाही. रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींचा सदोष गट मज्जेत शिल्लक राहतो, आणि औषध थांबवले की खुणा परततात. म्हणून गुण येतोय तोवर चक्रे चालू ठेवावी लागतात. गुण यायचा थांबल्यावर मध्यक आयुष्य सहा महिन्यांपेक्षाही कमी उरते. त्यामुळे ज्यांचे वय आणि तब्येत साथ देते, त्यांच्यासाठी दात्याच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण हाच आजार मुळापासून घालवण्याचा आजचा मार्ग आहे आणि त्याची चौकशी पहिल्या चक्रापासूनच सुरू करावी लागते. दाता शोधायला वेळ लागतो. अनेकदा अ‍ॅझासिटिडिनच तेवढा वेळ मिळवून देते.